श्वासाच्या मापाचे वाक्य

निरोप समारंभ, सत्कार, षष्ट्यब्दीपूर्ती किंवा लग्नाचा स्वागत समारंभ अशा प्रसंगी करायच्या छोट्या भाषणाचा मसुदा बहुतेकदा डोळ्यांनी तपासला जातो, म्हणजे शुद्धलेखन पाहिले जाते, नावे व पदे बरोबर आहेत का हे पाहिले जाते आणि एखादे सुभाषित घालून कागदाची घडी केली जाते. मसुद्यातले खरे दोष मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, कारण डोळ्याला श्वास घ्यावा लागत नाही. चाळीस शब्दांचे वाक्य नजर एका झेपेत पार करते आणि तेच वाक्य ध्वनिक्षेपकासमोर उभ्या असलेल्या माणसाला अर्ध्यात सोडून देते. मराठीत हे अर्ध्यात सुटणे अधिक महागात पडते, आणि त्याचे कारण मराठीच्या वाक्यरचनेत आहे.

शांत बसलेल्या प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला साधारण बारा ते सोळा वेळा चालतो, प्रत्येक वेळी सुमारे अर्धा लिटर हवा आत-बाहेर होते आणि श्वास घेण्यास व सोडण्यास लागणारा वेळ फारसा वेगळा नसतो. बोलताना हे प्रमाण पार बदलते, कारण आवाज उच्छ्वासावरच तयार होतो. त्यामुळे वक्ता झटकन हवा आत घेतो आणि ती सावकाश खर्च करतो, इतकी सावकाश की एका आवर्तनातला जेमतेम दहावा भाग श्वास घेण्याकडे आणि उरलेला सगळा बोलण्याकडे जातो. एका श्वासात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांच्या झुपक्याला श्वासगट म्हणतात. छाती आपल्या स्वाभाविक विसाव्याच्या पातळीला येईपर्यंत श्वासगट सहज चालतो. त्यापुढेही बोलत राहिले तर पोटाच्या स्नायूंनी हवा पिळून काढावी लागते, आवाज बारीक होतो, शब्द घाईने येतात आणि शेवटची अक्षरे गिळली जातात. शिवाय बहुतेक भाषांत श्वासगटाच्या आरंभी स्वर उंच असतो आणि शेवटाकडे उतरत जातो, म्हणजे हवा पुरेशी असतानाही शेवटचा शब्द मुळात खालच्या पट्टीतच येतो.

आता मराठी वाक्यात शेवटी काय येते ते पाहावे. क्रियापद शेवटी येते आणि नकारही तिथेच असतो. ‘हे काम एकट्यादुकट्याने होणारे’ इतके ऐकणाऱ्याच्या कानावर आले आणि ‘नाही’ हा शब्द वक्त्याच्या घशातच राहिला, तर श्रोत्याने उलटा अर्थ घेऊन घरी जावे अशी सोय झाली. इंग्रजीत कर्त्याला लागूनच क्रियापद येते, त्यामुळे शेपूट पडले तरी धड बहुधा हाती लागते; मराठीत जिथे श्वास सर्वांत क्षीण, तिथेच अर्थाची गाठ. म्हणून मसुदा तपासताना पहिला प्रश्न वाक्य सुंदर आहे का हा नसून, त्याच्या शेवटच्या शब्दापर्यंत हवा पुरते का, हा असतो.

किती हवा पुरते हे मोजण्यासाठी शब्दसंख्या फारशी उपयोगाची नाही, कारण मराठी शब्दांच्या लांबीत कमालीचा फरक असतो. ‘दोन’ हाही एक शब्द आणि ‘सेवानिवृत्तीनिमित्त’ हाही एकच. ‘१९८७’ हा आकडा संगणक एक शब्द म्हणून मोजतो, पण ‘एकोणीसशे सत्याऐंशी’ म्हणताना तोंडातून आठ अक्षरे जातात. तेव्हा मोजायची ती अक्षरे, आणि तीही कागदावरची नव्हेत, तर उच्चारातली. मराठी गद्य बोलताना अनेक अक्षरांतला अकार गळून पडतो. ‘अडचण’ लिहिताना चार अक्षरे दिसतात, पण उच्चार ‘अड्‌-चण्‌’ असा दोनच ठोक्यांचा होतो, आणि ‘करणाऱ्या’ हा शब्द चाराऐवजी तीन ठोक्यांत संपतो. हनुवटीखाली तळहात धरून शब्द सावकाश म्हटला की जबडा जितक्या वेळा खाली येतो तितके ठोके, असा हा साधा हिशेब आहे. सभेत बोलणारा माणूस सेकंदाला साधारण चार ते पाच ठोके उच्चारतो आणि चार-पाच सेकंदांचा श्वासगट त्याला त्रासाचा वाटत नाही. म्हणून वीस ठोक्यांच्या आसपासचा श्वासगट हे कामचलाऊ माप धरायला हरकत नाही. मंगलाष्टके ज्यात म्हटली जातात त्या शार्दूलविक्रीडित वृत्ताच्या चरणात एकोणीस अक्षरे असतात आणि बाराव्या अक्षरानंतर यति, म्हणजे थांबण्याची ठरलेली जागा असते. मोठ्या अभंगाचे सहा, सहा, सहा आणि चार मिळून बावीस होतात. पद्यात प्रत्येक अक्षर पुरते उच्चारले जाते आणि ते गाइलेही जाते, त्यामुळे या आकड्यांवरून गद्याचा नियम काढता येणार नाही, पण मराठी कानाला कोणत्या मापाची सवय आहे याचा अंदाज त्यावरून येतो.

एक नमुना घेऊन हे तपासता येईल. शाळेतल्या भूगोलाच्या शिक्षिका निवृत्त होत आहेत, एका सहकाऱ्याला पाच मिनिटे बोलायचे आहे आणि त्याच्या मसुद्याचे पहिले वाक्य असे आहे: ‘गेली एकतीस वर्षे या शाळेत भूगोल शिकवताना विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या घडवणाऱ्या, शाळेचे ग्रंथालय स्वतःच्या पुढाकाराने उभे करणाऱ्या आणि सहकाऱ्यांच्या अडीअडचणीला सदैव धावून जाणाऱ्या बाईंच्या सेवानिवृत्तीनिमित्त आयोजित केलेल्या या समारंभात त्यांच्याविषयी दोन शब्द बोलण्याची संधी मला मिळाली, याचा मनापासून आनंद होत आहे.’ व्याकरणदृष्ट्या यात खोट नाही, आणि असे वाक्य छापील गौरवग्रंथात कुणाला खटकणारही नाही. शब्द एकेचाळीस आहेत आणि ठोके एकशे पंधराच्या घरात, म्हणजे वीसच्या मापाने जवळजवळ सहा श्वासांचे हे वाक्य. त्यात स्वल्पविराम मात्र दोनच आहेत. उरलेले तीन श्वास वक्त्याने कुठे घ्यायचे हे मसुद्याने ठरवलेले नसल्यामुळे ते जिथे हवा संपेल तिथे घेतले जातील, कदाचित ‘आयोजित केलेल्या’ आणि ‘या समारंभात’ यांच्या मध्ये, कदाचित ‘दोन’ आणि ‘शब्द’ यांच्याही मध्ये.

याहून मोठा दोष असा की, ज्यांच्यासाठी सारा समारंभ चालला आहे त्या ‘बाई’ या वाक्यात चोविसाव्या शब्दाला प्रवेश करतात. तोपर्यंत श्रोत्याला घडवणाऱ्या, उभे करणाऱ्या, धावून जाणाऱ्या अशी तीन विशेषणे कुणाला लावायची हे न कळता डोक्यात धरून ठेवावी लागतात. ‘घडवणाऱ्या’, ‘केलेल्या’ यांसारख्या, क्रियापदापासून बनलेल्या विशेषणांना धातुसाधित विशेषणे म्हणतात. लेखी मराठीला ती फार प्रिय आहेत, कारण त्यांच्या साहाय्याने कितीही माहिती नामाच्या आधी रचता येते. बोलणाऱ्याला मात्र ती अडचणीची ठरतात, कारण धातुसाधित विशेषण आणि त्याचे नाम यांच्यामध्ये थांबले की वाक्य लोंबकळत राहते आणि न थांबले तर श्वास संपतो. याच अर्थासाठी मराठीत दुसरी रचनाही आहे, ती ‘जो–तो’ची. ‘वर्गात न बोलणाऱ्या मुलाला बाई आधी नकाशापाशी बोलवत’ याऐवजी ‘जे मूल वर्गात बोलत नसे, त्याला बाई आधी नकाशापाशी बोलवत’ असे म्हटले की वाक्य एखाद्या ठोक्याने वाढते, पण मधोमध एक सांधा मिळतो, जिथे थांबले तरी ऐकणारा ‘त्याला’ची वाट पाहत सोबत राहतो. गावाकडची बोलणारी माणसे आणि कीर्तनकार ही रचना सढळपणे वापरतात. कार्यालयीन मराठीत वाढलेल्या लेखकाच्या हातून ती सुटते, आणि मसुदा तपासताना तिची आठवण ठेवणे हा अर्धा उपाय आहे.

वरचे वाक्य कानासाठी पुन्हा लिहिले तर असे होईल: ‘बाईंनी या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. आपल्यापैकी कित्येकांनी पहिला नकाशा त्यांच्या वर्गात काढला. शाळेला ग्रंथालय नव्हतं. ते त्यांनी उभं केलं. कुणाचीही अडचण असो, बाई दारात उभ्या. आज त्या निवृत्त होत आहेत.’ ठोक्यांचा हिशेब केला तर पंधरा, वीस, आठ, सात, चौदा, आठ असा येतो. एकही वाक्य एका श्वासाबाहेर जात नाही, बाई पहिल्याच शब्दाला समोर येतात आणि ‘पिढ्या घडवणाऱ्या’ या झिजलेल्या शब्दांच्या जागी नकाशा काढणारे मूल दिसते. ‘दोन शब्द बोलण्याची संधी मला मिळाली’ हा भाग गळाला आहे. वक्ता उभा राहून बोलू लागला आहे यावरून संधी मिळाल्याचे श्रोत्यांना कळलेलेच असते. आणखी एक बदल सहज नजरेतून सुटण्यासारखा आहे: ‘उभे केले’चे ‘उभं केलं’ झाले आहे. प्रमाण लेखनातला एकार बोलताना बहुतेक मराठी भाषक अनुस्वारयुक्त अकारासारखा उच्चारतात, आणि कागदावर ‘केले, गेले, सांगितले’ लिहिलेले असले की चांगला बोलणारा माणूसही नकळत वाचू लागतो. भाषणाचा मसुदा बोलीच्या रूपांतच लिहिलेला असावा.

सगळी वाक्ये अशी तोडत गेले तर भाषणाचे पाढे होतात, ही भीती रास्त आहे. वरच्या उताऱ्यात आठ आणि सात ठोक्यांची दोन वाक्ये लागोपाठ येतात, कारण तिथे ‘नव्हतं’ आणि ‘उभं केलं’ यांच्यातला विरोध ऐकू यायला हवा. तशीच आणखी चार वाक्ये जोडली तर तोच परिणाम तारेच्या मजकुरासारखा रुक्ष होईल. लांब वाक्य वर्ज्य नाही, सांध्यांशिवायचे लांब वाक्य वर्ज्य आहे. अब्राहम लिंकन यांचे १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्ग येथे झालेले भाषण सुमारे २७० शब्दांचे, जेमतेम दोन-तीन मिनिटांचे होते, आणि त्याच कार्यक्रमात त्यांच्याआधी एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले होते. पण लिंकन यांच्या त्या छोट्या भाषणाचे शेवटचे वाक्य ऐंशीहून अधिक शब्दांचे आहे. ते म्हणता येते, कारण एकाच घाटाची उपवाक्ये त्यात एकामागून एक येतात आणि प्रत्येक उपवाक्याच्या तोंडाशी श्वासाला जागा आहे. मराठीत हेच काम ‘की’ने सुरू होणारी उपवाक्ये करतात: ‘एवढंच सांगतो की…’ असे म्हणून पुढे तीन उपवाक्ये एका घाटात ठेवली तर प्रत्येकाला स्वतःचा श्वास मिळतो.

लयीचा आणखी एक दोष खास मराठी आहे. क्रियापद शेवटी येत असल्यामुळे वाक्यांमागून वाक्ये ‘आहे’वर किंवा ‘होते’वर संपतात आणि ऐकणाऱ्याला एकाच जागी पाय आपटल्यासारखे वाटू लागते. हा दोष शोधण्याची युक्ती अशी की, मसुद्यातल्या प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द समासात उतरवून तेवढीच उभी ओळ मोठ्याने वाचावी. दहांपैकी सात-आठ ठिकाणी ‘आहे’ आले, तर काही ठिकाणी ते सरळ गाळता येते, जसे ‘बाई दारात उभ्या’ या वाक्यात गाळले आहे. काही ठिकाणी बोलण्यातल्याप्रमाणे क्रियापद पुढे घेता येते, जसे ‘मला त्यांचा तो लाकडी पृथ्वीगोल आठवतो’ याऐवजी ‘आठवतो तो त्यांचा लाकडी पृथ्वीगोल’. ही उलटापालट भाषणात एक-दोनदा शोभते. चौथ्यांदा तिचे नाटक होते.

लांबीचा हिशेब यापेक्षा सोपा आहे, फक्त तो मनातल्या मनात वाचून करू नये, कारण मनात वाचण्याचा वेग बोलण्याहून बराच जास्त असतो आणि पाच मिनिटांचे वाटलेले भाषण आठ मिनिटे चालते. मसुद्याचा मधला एखादा परिच्छेद उभे राहून, समोर शेवटच्या रांगेत कुणी बसले आहे असे समजून, एक मिनिट वाचावा आणि किती शब्द झाले ते मोजावे. समजा, विरामांसह ८८ शब्द झाले. पाच मिनिटांतून व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावे, टाळ्या आणि एखाद्या हशाचे मिळून पाऊण मिनिट वजा केले की सव्वाचार मिनिटे उरतात, म्हणजे सुमारे ३७५ शब्द. मसुदा ६१० शब्दांचा असेल तर नुसत्या वाचनालाच सात मिनिटे लागतील आणि पावणेआठाव्या मिनिटाला सूत्रसंचालकाची चिठ्ठी येईल. नावांचा वेळ लोक हमखास विसरतात. पद आणि ‘माननीय’सह एक नाव पंधरा ठोक्यांचे धरले तरी सात मान्यवरांत शंभराहून अधिक ठोके खर्च होतात, आणि ते भाषणाच्या अगदी तोंडाशी, जेव्हा वक्त्याचा श्वास आधीच उथळ असतो. धास्तीने श्वास आखूड होतो आणि वेग वाढतो. म्हणून घरी वीस ठोके आरामात निघत असले तरी पहिली दोन-तीन वाक्ये पंधराच्या आतच ठेवलेली बरी. परदेशातल्या मराठी घरांच्या लग्नांत आता पेला उंचावून दोन मिनिटे बोलण्याची, म्हणजे टोस्टची, पद्धत रुळली आहे. तिथे उलट शेवटचे वाक्य सर्वांत आखूड लागते, कारण ते ऐकून सगळ्यांनी एकदम पेले उचलायचे असतात आणि वाक्य संपले की नाही याविषयी कुणाला शंका राहून चालत नाही.

प्रत्यक्ष तपासणी पेन्सिलीने करावी. मसुदा सभागृहाच्या वेगाने मोठ्याने वाचताना जिथे श्वास खरोखर घेतला गेला तिथे तिरकी रेघ मारावी, स्वल्पविराम कुठे आहेत याची पर्वा करू नये. वाचून झाल्यावर रेघा आणि विरामचिन्हे ताडून पाहावीत. जिथे रेघ आहे पण विरामचिन्ह नाही, तिथे वाक्य लांब आहे किंवा सांधा चुकला आहे. जिथे स्वल्पविराम आहे पण रेघ नाही, तिथला स्वल्पविराम बहुधा डोळ्यासाठी आहे. या पद्धतीची एक मर्यादा आहे: लेखकाला स्वतःचे वाक्य आधीच ठाऊक असल्यामुळे तो पुढचे ओळखून श्वास राखून ठेवतो. त्यामुळे तोच कागद, ज्याने तो पाहिलेला नाही अशा घरातल्या कुणाकडून एकदा वाचून घ्यावा. तो वाचक जिथे अडखळतो, मागे जाऊन पुन्हा वाचतो किंवा ज्या शब्दावर नको तो जोर देतो, ती जागा दुरुस्तीची. त्यानंतर मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ते दुसऱ्या दिवशी, कागद समोर न ठेवता, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून ऐकावे आणि ज्या वाक्यांचे शेवटचे क्रियापद ऐकू आले नाही तेवढ्याच वाक्यांवर खूण करावी. त्यांतली बहुतेक वाक्ये आवाज वाढवून सुधारत नाहीत, ती तोडावी लागतात.

प्रस्तुत लेखातली वाक्ये या कसोटीला उतरणार नाहीत, कारण ती डोळ्यांसाठी लिहिलेली आहेत. भाषणाच्या कागदाचे रूपच वेगळे असावे लागते. विन्स्टन चर्चिल यांच्या भाषणांची टिपणे सलग परिच्छेदांत न टंकता स्तोत्राच्या कडव्यांसारखी, आखूड तुटक ओळींत टंकलेली असत. मराठी मसुद्यालाही तेच रूप द्यावे: एका ओळीत एक श्वासगट, टाइप ठळक आणि मोठा, नकारार्थी क्रियापदाखाली एक रेघ, कोणतेही वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्या पानावर संपणार नाही अशी आखणी, आणि प्रत्येक पानाचा खालचा तिसरा हिस्सा कोरा, म्हणजे वाचताना मान खाली झुकत नाही आणि वाक्याच्या शेवटी येणारे ‘नाही’ कागदाला न सांगता सभागृहाला सांगितले जाते.